थंडीत मका भरण्यापूर्वी पत्र्याच्या गोदामाची तयारी

निफाडकडची थंडी किती उतरते हे नाशिककरांना सांगायला नको. तरीही मागच्या डिसेंबरात माझ्या गोदामातील मक्याची वरच्या थरातली पोती भिजली, तेव्हा मला पत्रा फुटल्याचाच संशय आला. हमालही "शेठ, पत्रा गळतोय" म्हणाले, म्हणून मी माणूस वर चढवून सगळे स्क्रू डांबराने बुजवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोती पुन्हा ओलीच. पाऊस नसताना, निरभ्र रात्रीनंतर पाणी टपकत असेल तर ते बाहेरून आलेले नसते. शिडीवर चढून पत्र्याला खालून हात लावला, तर तो सगळीकडे ओला होता. पाणी उताराने घरंगळत आडव्या लोखंडी पर्लिनपाशी अडत होते आणि तेथून पडत होते, त्यामुळे पोत्यांवरचे डागही पर्लिनखाली सरळ रेषेत होते.

यंदा पहिले काम म्हणून मोभावरची हवेची फट मोकळी करावी. जुलैत पावसाची झड आत येते म्हणून मी ती रिकाम्या पोत्यांनी गच्च बुजवली होती आणि दिवाळीनंतर काढायला विसरलो. सगळे नुकसान त्यातून झाले. फट मोकळी आहे हे खालून अंदाजाने ठरवू नये, शिडी लावून पाहावे. पाखरे येतात म्हणून जाळी लावावी, पण बुजवू नये.

कारण समजून घेतले की आग्रह कळेल. चौदा टक्के ओलाव्याच्या मक्याभोवतीच्या हवेची आर्द्रता साधारण ७० टक्क्यांवर राहते. वीस अंश तापमानाला अशा हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे १२ ग्रॅम बाष्प असते आणि पत्रा १४ अंशांच्या आसपास उतरला की त्याला दव धरू लागते. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. तो ८ अंशांवर गेला, तर तेथील हवेत जेमतेम ८ ग्रॅम बाष्प मावते आणि उरलेले ४ ग्रॅम पाणी पत्र्याला चिकटते. माझे गोदाम चाळीस बाय साठ फुटांचे आणि सरासरी सोळा फूट उंच, म्हणजे हजार घनमीटरहून थोडे अधिक. एका वेळच्या हवेतूनच सुमारे चार लिटर पाणी निघू शकते. मका पुन्हा बाष्प सोडतो, म्हणून दुसऱ्या रात्री तोच प्रकार. बाहेर पडायला वाट नसेल तर हे बाष्प जाणार कुठे? म्हणूनच मोभावरची फट.

आर्द्रतामापक घ्यावा, पण त्याचे आकडे नीट वाचावेत. पहाटे बाहेर ८ अंश आणि ९० टक्के दिसले की घाबरून सगळे बंद करण्याची चूक होते; त्या थंड हवेत घनमीटरमागे साडेसात ग्रॅमच बाष्प असते, म्हणजे ती आतल्या हवेपेक्षा कोरडीच. याउलट अवकाळी पावसात बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के असेल तर ती हवा आत घेऊ नये. तेवढे दिवस झडपा बंद ठेवाव्यात आणि पाऊस सरताच उघडाव्यात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माझी चूक बंद करण्यात नव्हती, पुन्हा न उघडण्यात होती.

माल १२ ते १३ टक्क्यांपर्यंत वाळवूनच भरावा. मीटर नसेल तर कोरड्या बाटलीत मूठभर दाणे आणि कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे असे समजून माल परत खळ्यावर न्यावा.

प्लॅस्टिकची ताडपत्री थेट थप्पीवर टाकू नये, कारण खालून मक्याचा दमटपणा तिलाच धरतो आणि वरून कोरडी दिसणारी पोती आतून बुरसटतात. ती बांबूंवर, थप्पीपासून हातभर वर, तंबूसारखी उतरती बांधावी आणि तिची कड पोत्यांच्या बाहेर न्यावी, म्हणजे पाणी जमिनीवर पडेल. पत्र्याखाली फोमची किंवा बबलची शीट लावणे उत्तम, पण सांधे उघडे राहिले तर पाणी तिच्या मागे साचते. आणि शीट लावली म्हणून मोभावरची फट बुजवायची नाही.

खाली फळ्या, भिंतीपासून दोन-अडीच फूट अंतर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भिजलेले पोते त्याच दिवशी वेगळे काढावे. बुरशी दिसलेला मका चांगल्यात मिसळू नये आणि कोंबड्यांना किंवा जनावरांनाही घालू नये, अफ्लाटॉक्सिनचा धोका असतो. धुरीच्या गोळ्यांवर थेंब पडू देऊ नये; धुरी परवानाधारकाकडूनच करून घ्यावी आणि झाकण निघाल्यावर त्याच दिवशी फट तपासावी. थंडी सरेपर्यंत आठवड्यातून एकदा सकाळी लवकर शिडी लावून पत्र्याला खालून हात लावावा, आणि शिडीवर असतानाच मोभाकडे पाहावे.