घाण्यावरच्या तेलाची शॉर्ट: आधी वजनकाटा दाखवा

नौपाड्यात किंवा वाशीत लाकडी घाणा चालवत असाल, तर शॉर्टमध्ये ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हणण्याआधी वजनकाटा दाखवा. दाणाबाजारातून आणलेले १० किलो शेंगदाणे काट्यावर ठेवा, आकडा कॅमेऱ्यात येऊ द्या आणि तेच दाणे घाण्यात पडताना दाखवा. शेवटी तेल आणि पेंड वेगवेगळी तोला. चांगल्या दाण्यांतून साधारण साडेतीन ते चार किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. दोन्हींची बेरीज दाण्यांच्या वजनाच्या जवळपास यायला हवी. तेलच फार जास्त भरलं, तर बघणारा विचारणारच, आणि त्याने विचारावंच.

ताजं तेल गढूळ असतं, ते लपवू नका. काही दिवस निवल्यावर तळाशी बसलेला गाळ जवळून दाखवा. मला तर शॉर्टमधला हाच सर्वांत बोलका क्षण वाटतो.

तुपाचंही तसंच: लोणी तोला, कढताना तडतड थांबून बेरी तांबूस झालेली दाखवा, मग गाळलेलं तूप तोला.

व्हिडिओ मात्र त्या एकाच घाण्यापुरता पुरावा. भेसळ नाही हे सांगायचं असेल तर बाटलीवरचा बॅच नंबर आणि त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल स्क्रीनवर शेजारी ठेवा. ‘कोलेस्टेरॉल कमी होतं’, ‘सांधेदुखी जाते’ ही वाक्यं काढून टाका. असे दावे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि घाण्याच्या चित्रीकरणातून ते सिद्ध होत नाहीत.