रूफटॉप सोलर विकताना सांगायची गोष्ट आणि उपमा: या चुका टाळा

घरावर सोलर बसवायला लोक कचरतात, कारण फायदा डोळ्यांना दिसत नाही. पॅनेल दिसतात, खर्च दिसतो, पण वाचलेली युनिटं दिसत नाहीत. म्हणून विक्रेता एखाद्या ग्राहकाची गोष्ट सांगतो आणि नेट मीटरिंग समजवायला बँकेची उपमा देतो. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. घोटाळा होतो तो कोणाची गोष्ट सांगितली आणि उपमा कुठे थांबवली यात.

पहिली चूक म्हणजे सर्वात भारी गोष्ट सगळ्यांना सांगणं. दोन एसी असलेल्या बंगल्याचं बिल किती खाली आलं हे ऐकायला छान वाटतं. पण समोरच्या काकांचा वापर महिन्याला १२० युनिट असेल तर ती गोष्ट त्यांची नाहीच. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०० च्या वर आणखी जास्त. सोलरमुळे बिलातली युनिटं वरून कमी होतात, म्हणजे आधी महाग टप्पा सुटतो. त्यामुळे ४०० युनिटवाल्याचं वाचलेलं युनिट सरासरीने १२० युनिटवाल्यापेक्षा महागातलं असतं. बंगल्याची टक्केवारी काकांना लावली तर आकडा फुगतो आणि पहिल्याच बिलानंतर फोन येतो.

यावर उपाय सोपा आहे. गोष्ट सांगण्याआधी बिल मागा. मागच्या बारा महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो. तो पाहून, जवळपास तेवढाच वापर असलेल्या घराची गोष्ट निवडा. तशी गोष्ट तुमच्याकडे नसेल तर बनवू नका, काकांच्याच बिलावर हिशेब मांडा.

दुसरी चूक: "त्यांचं बिल शून्य झालं" एवढ्यावर गोष्ट संपवणं. शून्य बहुधा होतच नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. शिवाय यात महिना कुठला ते कळत नाही. हीच गोष्ट अशी सांगून पाहा:

"३ किलोवॉटचं सोलर. ढोबळ मानाने एका किलोवॉटला दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ३६०. एप्रिल-मे मिळून वापरापेक्षा ५० युनिट जास्त तयार झाली, ती जमा राहिली. जूनमध्ये बरोबरी. जुलैत ढग होते, २१० च तयार झाली आणि घरात लागली २८०. कमी पडलेल्या ७० पैकी ५० जमेतून वळती झाली, २० युनिटांचं बिल आलं, वर स्थिर आकार."

या गोष्टीत पावसाळा आहे, म्हणून ती खरी वाटते. जुलैचं बिल हातात पडल्यावर ग्राहक दचकत नाही, कारण त्याने ते आधीच ऐकलेलं असतं. माझ्या मते विक्रीच्या गोष्टीत एक तरी कमी पडलेला महिना असायलाच हवा.

आता उपमेकडे येऊ. "दिवसा जादा वीज ग्रिडच्या बँकेत ठेवायची, रात्री काढायची." ऐकणाऱ्याला हे चटकन कळतं आणि तो लगेच पुढचा प्रश्न विचारतो: "मग लाईट गेली तरी आमच्याकडे चालू राहील ना?" हा प्रश्न उपमेनेच तयार केलेला आहे. बँकेतले आपले पैसे अडचणीला काढता येतात, मग वीज का नाही? पण बॅटरी नसलेला नेहमीचा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा गेला की स्वतःहून बंद होतो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. भर दुपारी ऊन असलं तरी घरात लाईट नसते.

उपमेतला दुसरा खोटा भाग व्याजाचा. ठेव वाढते, युनिटं वाढत नाहीत. आर्थिक वर्ष संपताना उरलेली युनिटं महावितरण विकत घेते, पण आपण भरतो त्याहून कमी दराने. उपमा अर्धवट ऐकलेला ग्राहक "जास्तच पॅनेल बसवू, कमाई होईल" म्हणतो आणि विक्रेता मोठी ऑर्डर मिळाली म्हणून गप्प बसतो. इथे बोलायलाच हवं. ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर केंद्राचं अनुदानही थांबतं, वरच्या किलोवॉटला ते वाढत नाही, हेही त्याच वेळी सांगा.

म्हणून उपमा दिली की त्याच दमात तिची हद्द सांगा: "जमा-वळती बँकेसारखी, पण लाईट गेल्यावर काढता येत नाही आणि व्याज नाही." मग ग्राहकाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. तो "म्हणजे इन्व्हर्टर-बॅटरीचं काम हे करणार नाही" म्हणाला तर उपमा पोचली. नुसती मान हलवली तर लाईटचा प्रश्न तुम्हीच विचारा.

आणि एक. पुरावा म्हणून दुसऱ्याचं बिल मोबाईलवर दाखवताना नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक झाका आणि त्या घरच्यांना आधी विचारा. ते हो म्हणाले तर समोरच्याला थेट त्यांच्याशी फोनवर बोलू द्या. पावसाळ्यातलं बिल किती आलं हे शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलं की तुमचा कागद कोणी फारसा बघत नाही.