हॉल सेन्सर, सिक्स-स्टेप आणि साइन ड्राइव्ह : कोनाचा हिशेब आधी करावा

कोल्हापुरात उद्यमनगर किंवा शिरोलीच्या परिसरात विजेवरील दुचाकींच्या मोटर व कंट्रोलरच्या कामाला नव्याने लागणाऱ्या मुलांचा एक समज मला वारंवार आढळतो. सिक्स-स्टेप ही जुनी, खडबडीत पद्धत असून साइन ड्राइव्ह लावला की मोटर आपोआप गुळगुळीत चालते, असा तो समज आहे. डिप्लोमाच्या वर्गात दोन्ही पद्धतींच्या प्रवाहांच्या आकृत्या शेजारी शेजारी काढून दाखवतात, त्यामुळे तो होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या आकृत्यांमध्ये रोटरचा कोन बिनचूक माहीत असल्याचे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात हॉल सेन्सर असलेल्या मोटरमध्ये कंट्रोलरला तो कोन एका विद्युत फेऱ्यात, म्हणजे चुंबकांची एक जोडी पुढे सरकेपर्यंत, केवळ ६ वेळा कळतो.

तीन हॉल सेन्सर एकमेकांपासून १२० विद्युत अंशांवर बसवलेले असले, तर त्यांच्या ८ संभाव्य जुळण्यांपैकी ६ वैध ठरतात. 000 किंवा 111 दिसले तर सेन्सर बिघडला आहे किंवा तार तुटली आहे असे समजावे. प्रत्येक वैध जुळणी ६० विद्युत अंशांचा एक भाग दाखवते. सिक्स-स्टेपमध्ये त्या भागात दोन फेजमधून प्रवाह जातो, तिसरी मोकळी राहते आणि पुढची कड आली की जोडी बदलते. मोटरचा बॅक ईएमएफ साइन आकाराचा आणि प्रवाह स्थिर मानला, तर भागाच्या मध्यावर टॉर्क सर्वाधिक असतो. दोन्ही टोकांना रोटर मध्यापासून ३० अंश दूर असतो, म्हणून तेथे टॉर्क cos 30°, म्हणजे ०.८६६ पट होतो. आदर्श स्थितीतही १३ टक्क्यांची ही घट एका विद्युत फेऱ्यात ६ वेळा येते, आणि फेज बदलताना मोटरच्या इंडक्टन्समुळे प्रवाहाला बसणारा हिसका त्यात आणखी भर घालतो.

साइन ड्राइव्हमध्ये तिन्ही फेजना सतत बदलता प्रवाह द्यायचा असल्याने दोन कडांच्या मधला कोनही लागतो. तो कंट्रोलर अंदाजाने काढतो : मागचा भाग पार करायला जितका वेळ लागला, तितकाच पुढच्यालाही लागेल असे धरून तो कोन पुढे सरकवत नेतो. घोळ होतो तो याच ठिकाणी.

आमच्याकडे आलेल्या एका स्कूटरचे उदाहरण घेऊ. तिच्या हब मोटरमध्ये ४६ चुंबक, म्हणजे २३ पोल-जोड्या होत्या. एक हॉल सेन्सर पूर्वी कोठेतरी बदलला गेला होता. आवाज कमी व्हावा म्हणून मालकाने साइन कंट्रोलर बसवून घेतला आणि आठवड्याभरात तो परत आला. “कंट्रोलर नवा घातला, पन घुरघुर वाढलीच की ओ,” असे त्याचे म्हणणे होते आणि ते खरेही होते.

सेन्सर स्टेटरच्या खाचेत चिकटवलेला असतो. नवा सेन्सर चिकटवताना तो जागेपासून अर्धा यांत्रिक अंश सरकला, तर १०० मिलीमीटर त्रिज्येवर ते अंतर एक मिलीमीटरहूनही कमी भरते आणि डोळ्यांना सहसा खटकत नाही. मात्र २३ पोल-जोड्यांमुळे तोच अर्धा अंश ११.५ विद्युत अंश होतो. प्रत्येक सेन्सर एका विद्युत फेऱ्यात एक चढती आणि एक उतरती अशा दोन कडा देतो. त्या दोन्ही एकाच दिशेने सरकतात. परिणामी ६०-६० अंशांचे सहा भाग न राहता ७१.५, ४८.५, ६० आणि पुन्हा ७१.५, ४८.५, ६० असा क्रम तयार होतो.

चाक मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर विद्युत वारंवारता ११५ हर्ट्झ असते आणि ६० अंशांच्या भागाला १.४५ मिलिसेकंद लागतात. लांब भागाला १.७३ आणि आखूड भागाला १.१७ मिलिसेकंद लागतील. लांब भाग संपला की कंट्रोलर समजतो की वेग घटला. त्या मंद वेगाने तो पुढच्या आखूड भागात कोन जेमतेम ४१ अंशांपर्यंत नेतो, तोच पुढची कड येते आणि कोनाला १९ अंशांची उडी मारावी लागते. त्यानंतर आखूड भागावरून वेग वाढल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि कोन रोटरच्या पुढे पळतो. चाक मात्र या सगळ्यात एकाच वेगाने फिरत असते.

सिक्स-स्टेपमध्ये हाच दोष पुष्कळ सौम्य ठरतो, कारण तेथे वेगाचा अंदाज लागतच नाही. लांब भागाच्या शेवटी रोटर मध्यापासून ३० ऐवजी ४१.५ अंश दूर जातो आणि टॉर्क ०.७५ पटीवर उतरतो; चूक त्या भागापुरतीच राहते, पुढच्या भागात झिरपत नाही. बेताचे सेन्सर असलेल्या मोटरला साधा कंट्रोलर अधिक मानवतो असा अनुभव येतो, त्याचे कारण हे आहे.

कोणता दोष आहे, हे आवाजाच्या पट्टीवरूनही पुष्कळसे ओळखता येते. ३०० फेऱ्यांना सिक्स-स्टेपची स्वाभाविक कुरकुर ११५ च्या सहापट, म्हणजे ६९० हर्ट्झला असते. एकच सेन्सर सरकला असेल, तर वरचा क्रम एका विद्युत फेऱ्यात दोनदा येत असल्याने घुरघुर २३० हर्ट्झला उतरते. त्या स्कूटरवर मोबाईलमधील वारंवारता दाखवणाऱ्या साध्या अॅपने आम्हाला हेच दाखवले. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारी धडधड असेल, तर मात्र सेन्सरऐवजी चुंबक किंवा बेअरिंग पाहावे.

खात्री करण्यासाठी चाक उचलून सिक्स-स्टेपवर वेगात आणावे, सेन्सरची वीज चालू ठेवून मोटरचीच वीज तोडावी आणि ते स्वतःच्या जडत्वावर फिरत असताना कडांमधील वेळ नोंदवावी. हॉलचे आउटपुट बहुधा ओपन कलेक्टर असल्याने पुल-अप रेझिस्टर विसरू नये. अन्यथा ऑसिलोस्कोपवर काहीच दिसत नाही आणि चांगला सेन्सर फुकट काढला जातो. चुंबकांमधील अंतरेही अगदी सारखी नसतात, म्हणून चाकाच्या पूर्ण फेऱ्यातील १३८ कडा नोंदवून सहाही भागांची सरासरी वेगवेगळी घ्यावी.

सेन्सर पुन्हा बसवणे शक्य नसेल, तर दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये करता येते. वेग एका भागावरून न काढता मागच्या सहा भागांच्या एकूण वेळेवरून काढावा. पूर्ण विद्युत फेऱ्यानंतर तीच कड पुन्हा येत असल्याने सरकलेल्या सेन्सरची चूक या बेरजेत उरत नाही. सोबत प्रत्येक कडेचा मोजलेला खरा कोन तक्त्यात ठेवावा :

```c
T_cycle += t_new - t_sector[prev];
t_sector[prev] = t_new;
theta = edge_angle[cur] + dt * 360.0f / T_cycle;
```

येथे `prev` म्हणजे नुकताच संपलेला भाग, `t_new` म्हणजे त्याला लागलेला वेळ, `cur` म्हणजे सध्याचा भाग आणि `dt` म्हणजे शेवटच्या कडेपासून गेलेला वेळ. पहिल्या दोन ओळी प्रत्येक कडेला एकदा आणि तिसरी सतत चालवावी. `theta` पुढच्या कडेच्या कोनापलीकडे जाऊ देऊ नये, नाहीतर अचानक ब्रेक लागल्यावर कोन भरकटतो. एवढे केल्यावर त्या स्कूटरची घुरघुर गेली आणि साइन ड्राइव्हचा खरा शांतपणा तेव्हा ऐकू आला.

या उपायाची किंमतही आहे. सहा भागांची बेरीज म्हणजे वेगाची थोडी जुनी बातमी, त्यामुळे जोरात वेग घेताना अंदाज मागे पडतो. पन्हाळ्याच्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघते, तेव्हा तर अंदाजाला आधारच नसतो, कारण पुढची कड येण्यासाठी चाक २.६ अंशांपर्यंत फिरावे लागते आणि तोवर कंट्रोलरला केवळ आपण कोणत्या भागात आहोत एवढेच ठाऊक असते. म्हणून सुरुवात सिक्स-स्टेपनेच करावी आणि सलग काही फेरे नीट मोजले गेल्यावर साइनवर जावे. सिक्स-स्टेपवर परत येण्याचा वेग साइनवर जाण्याच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवावा. दोन्ही एकच ठेवले, तर चढावर गाडी नेमकी त्या सीमेवर रेंगाळते आणि दोन पद्धतींमधली सततची अदलाबदल चालवणाऱ्याला हिसक्यांच्या रूपाने जाणवते.