ब्रिज रेक्टिफायरच्या रिपलचा हिशेब: या चुका टाळा

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा एक साधा कंट्रोल बोर्ड घ्या. 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे 7812. रिले आणि बाकीचा भाग मिळून लोड अर्धा अँपिअर. रात्री बोर्ड व्यवस्थित चालतो. दिवसा फीडरवर सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या, की रिले थरथरतो आणि बोर्ड आपोआप रीसेट होतो. मीटर लावला तर कपॅसिटरवर जवळपास 14 व्होल्ट दिसतात, म्हणून 7812 वर संशय घेऊन तोच बदलला जातो. दोष मात्र तसाच राहतो.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक: मीटरवरच्या सरासरीवर विसंबणे. डीसी रेंजवर मीटर सरासरी दाखवतो. रेग्युलेटरला सरासरीशी देणेघेणे नाही, त्याला लाटेचा तळ पुरला पाहिजे. 7812 ला 12 व्होल्ट टिकवायला इनपुटला सुमारे 14 व्होल्ट लागतात, तेही प्रत्येक क्षणी. म्हणून हिशेब असा करा:

```
Vpeak = 1.414 × Vac − 2
Vr    = I / (f × C)
Vavg  = Vpeak − Vr/2
Vmin  = Vpeak − Vr
```

वजा केलेले 2 व्होल्ट हे एका वेळी चालू असणाऱ्या दोन डायोडचे. C फॅरडमध्ये घालायचा, म्हणजे 1000 मायक्रोफॅरड म्हणजे 0.001.

लाइन 230 असताना शिखर 19.2, रिपल 0.5 ÷ (100 × 0.001) = 5, तळ 14.2 आणि सरासरी 16.7 व्होल्ट. कसेबसे निभावते. आता लाइन 200 वर आली, तर सेकंडरीला 13 व्होल्ट उरतात. शिखर 16.4 होते, पण लोड तोच असल्याने रिपल 5 च राहतो. सरासरी 13.9, तळ 11.4. मीटरवरचे 14 ते हेच. सेकंदाला 100 वेळा रेग्युलेटर उपाशी पडतो आणि त्याचे आउटपुटही तेवढ्या वेळा खचते.

हे सूत्र कपॅसिटर पूर्ण 10 मिलिसेकंद रिकामा होतो असे धरते. प्रत्यक्षात डायोड त्याआधीच चालू होतात, त्यामुळे खरा रिपल थोडा कमी भरतो. डिझाइनसाठी ही चूक आपल्या बाजूची आहे, ती राहू द्या.

दुसरी चूक: f च्या जागी 50 घालणे. लाइन 50 हर्ट्झची असली तरी ब्रिज दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून 100. मात्र चालत्या बोर्डवर रिपलची फ्रिक्वेन्सी 50 मिळाली, तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडला आहे असे समजा. तेव्हा रिपल जवळपास दुप्पट होतो, आणि कपॅसिटर बदलून काही साधत नाही.

रिपल मोजायला ऑसिलोस्कोपच हवा असे नाही. मीटर एसी रेंजवर ठेवून कपॅसिटरच्या दोन टोकांवर लावा आणि आलेल्या आकड्याला 3.5 ने गुणा, म्हणजे शिखर ते तळ मिळतो. 5 व्होल्ट रिपलला मीटर साधारण 1.4 दाखवेल. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजतात. आधी 9 व्होल्टची बॅटरी लावून बघा. शून्य आले नाही, तर एका प्रोबला मालिकेत 1 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर जोडा.

कपॅसिटर किती घ्यावा, इथेही दोन चुका होतात. 2200 घेतला तर 200 व्होल्टला तळ 14.1 येतो, म्हणजे कागदावर पास. पण इलेक्ट्रोलिटिकचे मूल्य 20 टक्के कमी भरू शकते. तसे झाले की तळ 13.6 वर जातो. 3300 घेतला, तर 20 टक्के कमी धरूनही तळ 14.5 राहतो. तोच घ्या. भीतीपोटी 10,000 बसवू नका. कपॅसिटर जितका मोठा, तितका चार्जिंगचा करंट छोट्या, उंच झटक्यांत ओढला जातो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. अर्ध्या अँपिअरच्या लोडला 1 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर ठेवा.

दुसरी गोष्ट व्होल्टेज रेटिंगची. रात्री लाइन 250 पर्यंत चढली आणि लोड नसला, तर छोटा ट्रान्सफॉर्मर छापील आकड्यापेक्षा बराच जास्त देतो. कपॅसिटरवर 25 व्होल्टच्या वर जाऊ शकते. 25 व्होल्टचा कपॅसिटर इथे फुगतो, 35 चा लावा.

आणि तो 105 अंशांचा असू द्या. मे महिन्यात जळगावला पारा 45 च्या आसपास असतो, बांधावरच्या पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मे होते. नवा बोर्ड बसवताना रिपलचा आकडा पेटीच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच लोडवर तो दीडपट दिसला, तर पेटी उघडलीच आहे तोवर कपॅसिटर बदलून टाका.