अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ६२५ ने मळमळ: कशी थांबली

दाढेच्या इन्फेक्शनसाठी ही गोळी दिवसातून दोनदा होती. घेतल्यावर थोड्याच वेळात तोंडाला पाणी सुटायचं, पोट ढवळायचं. चहा-बिस्किटावर घेऊन पाहिली, वर आलेपाक चघळला, फरक शून्य. वैताग आला.

सदाशिव पेठेतल्या केमिस्टकाकांनी विचारलं, “जेवता कधी?” आणि गोळीची जागाच बदलली. यातला क्लॅव्ह्युलॅनिक भाग पोटाला जास्त त्रास देतो, आणि जेवणाच्या सुरुवातीला घेतला तर तो शोषलाही चांगला जातो.

मग क्रम असा ठेवला. सकाळी ८ ला पोळी-भाजी वाढून घ्यायची, दोन-चार घास खायचे, पेलाभर पाण्याबरोबर गोळी, मग उरलेलं जेवण. रात्री ८ ला तसंच, मऊ वरणभातावर. मधलं १२ तासांचं अंतर मोडायचं नाही. मिसळ त्या आठवड्यात बंद (हे जड गेलं). दुसऱ्या दिवशी मळमळ नावापुरती उरली.

सगळ्याच गोळ्यांना हे चालत नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच लागते, डॉक्सिसायक्लिन जेवणाबरोबर चालते पण दूध, अँटासिड, लोहाच्या गोळ्या तिच्यापासून लांब ठेवाव्या लागतात.

गोळी पोटात टिकतच नसेल, तर डॉक्टरांना फोन करून बदलून मागा. कोर्स आपणहून सोडू नका. पातळ जुलाब, शौचात रक्त, डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी दाखवा. अंगावर गांधी उठल्या तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. ओठ सुजले किंवा धाप लागली तर थेट हॉस्पिटल.