पितळी व्हॉल्व आतून पोकळ होतो तेव्हा: बोरिंगच्या पाण्यावरच्या घरांनी या चुका टाळा

इंदूरमधल्या बऱ्याच घरांत नर्मदेचं आणि बोरिंगचं, दोन्ही पाणी एकाच टाकीत येतं. टाकीखालचा पितळी व्हॉल्व मात्र एकदा बसला की वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही. तो बाहेरून ठणठणीत दिसत असताना आतल्या आत मरत असतो आणि नेमका तो बंद करायची गरज पडते तेव्हा कळतं.

स्वस्त पितळी फिटिंग्जमध्ये साधारण 60 टक्के तांबं आणि 40 टक्के जस्त असतं. आपण मशीनवर कातायला सोपं म्हणून वापरतो ते हेच पितळ. त्याच्या आत दोन प्रकारचे कण असतात. जस्त जास्त असलेले कण पाणी आधी खातं. जस्त विरघळून जातं आणि मागे उरतं स्पंजासारखं भुसभुशीत तांबं. घातक गोष्ट ही की आकार बदलत नाही. कॅलिपरने मोजा, माप तेवढंच भरेल, पण ताकद गेलेली असते.

लोकमान्य नगरमधल्या एका घराचं उदाहरण घेतो. टाकीखाली एक इंची गेट व्हॉल्व होता. हँडलखालच्या ग्लँडजवळ पांढरा, खरबरीत थर साचायचा. "काकू, बोरिंगचा खार आहे, पुसून टाका," असं प्लंबरने सांगितलं होतं. पुढे तिथून थेंब पडायला लागले. त्याने ग्लँड नट आवळला, मग अजून आवळला. काही महिन्यांनी खालचा नळ बदलायला म्हणून व्हॉल्व बंद करायला गेले, तर हँडल सहज गरगर फिरलं आणि पाणी काही थांबेना. जोर लावल्यावर हँडल आतल्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, तुकड्यासकट हातात आलं. आतलं गेट उघडंच राहिलं होतं, त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी करण्याशिवाय इलाज नव्हता.

तुटलेलं तोंड पाहिलं तर सगळी गोष्ट त्यात होती. कडेचा जाड भाग विटकरी लाल, निस्तेज, दाणेदार. फक्त मधोमध छोटासा पिवळा, चकाकता ठिपका शिल्लक. सगळा भार तेवढ्याच ठिपक्यावर होता. व्हॉल्वची बॉडी चांगली होती, कारण ती गनमेटलची होती. गनमेटलमध्ये जस्त जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे तिथे हा प्रकार सहसा होत नाही. स्पिंडल मात्र साध्या पितळी सळीचा निघाला. माझ्या मते व्हॉल्व घेताना हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा आणि तोच कुणी विचारत नाही.

पांढरा थर खाराचा की पितळातून निघालेल्या जस्ताचा, हे व्हिनेगर टाकून ठरवू नका. जस्ताच्या थरातही कार्बोनेट असू शकतं, तोही फेसाळतो. थर खरवडून खालचा धातू बघा. मग लपलेल्या जागी, आटे सोडून, बारीक कानस दोन-तीनदा फिरवा. वरची लालसर झाक एका घासात जाऊन खाली पिवळं दिसलं, तर ते नुसतं काळवंडणं आहे. घासत गेलं तरी लालच दिसत राहिलं, किंवा टोकदार सुईने चुरा निघाला, तर तो भाग बदलायचाच. क्रोम चढवलेल्या अँगल कॉकवर हे बाहेरून दिसत नाही. तिथे निपल काढून आतली बाजू पाहावी लागते. काढताना आटे वाकण्याऐवजी कडकन तुटले तर तीही खूणच. पण तुटल्यावर लाल काही नाही, तोंड स्वच्छ पिवळं आणि चीर सरळ असेल, तर शक्यतो दोष आवळण्याचा किंवा ताणामुळे पडणाऱ्या भेगेचा, जस्त जाण्याचा नाही.

बॉडीवर एकाच ठिकाणी पांढरा ठिपका येतो, ओलसर होतो, सुकतो, पुन्हा येतो. त्यावर एपॉक्सी पुट्टी लावू नका. आतून भोक पडत आलेलं असतं, पुट्टीने ते फक्त नजरेआड होतं.

पाणी कसं आहे ते रिपोर्टवरून ओळखता येतं, मात्र "पिण्यायोग्य" हा शेरा पुरेसा नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोराइड 250 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं. पितळाला प्रश्न असतो क्लोराइड अल्कलिनिटीच्या तुलनेत किती, याचा. क्लोराइड भरपूर, अल्कलिनिटी कमी आणि पीएच 8.2 च्या वर असेल तर धोका वाढतो. गरम आणि साचून राहिलेलं पाणी त्यात भर घालतं, म्हणून गिझरच्या जोडण्या आणि क्वचित उघडणारे व्हॉल्व आधी जातात. सॉफ्टनर बसवून हे थांबेल असं समजू नका. तो कॅल्शियम काढतो, क्लोराइड नाही.

बदलताना सियागंजच्या दुकानात नुसतं "जड दाखवा" म्हणू नका. बॉडी आणि स्पिंडल दोन्ही कशाचे आहेत ते विचारा. गनमेटल मागा, किंवा जस्त न सोडणारं, थोडं आर्सेनिक घातलेलं पितळ मागा. त्यावर बहुधा सीआर किंवा डीझेडआर असा छाप असतो. आणि एक व्हॉल्व गेला असेल तर त्याच लाइनीवरच्या त्याच वयाच्या बाकीच्यांवरही त्याच दिवशी कानस फिरवून बघा, टाकी रिकामी असतानाच.