स्टेपर की सर्वो? आधी आरपीएम काढा

लहान सीएनसीच्या अक्षासाठी मोटर निवडताना डेटाशीटवरचा होल्डिंग टॉर्क पाहून निर्णय घेऊ नका. तो मोटर थांबलेली असतानाचा असतो; वेग वाढला की स्टेपरचा टॉर्क झपाट्याने घटतो.

म्हणून आधी आरपीएम काढा. अक्ष मिनिटाला 2400 मिमी पळवायचा आहे आणि स्क्रूची लीड, म्हणजे एका फेरीत अक्ष सरकतो ते अंतर, 8 मिमी आहे, तर 2400 ÷ 8 म्हणजे 300 आरपीएम. इथे स्टेपर आरामात चालतो आणि सर्वोच्या तुलनेत खूप स्वस्त पडतो. 3डी प्रिंटरला तर बहुतेक वेळा तोच पुरे. मात्र 5 मिमी लीडच्या स्क्रूवर 6000 मिमी हवे असतील, तर 1200 आरपीएम होतात. तिथे 24 व्होल्टवरचा स्टेपर दमतो. आधी 48 व्होल्ट चालणारा ड्रायव्हर वापरून पाहा, मग सर्वोचा खर्च करा.

अचूकतेची शंका असेल तर डायल गेज लावून शून्य करा, अक्ष वेगाने मागेपुढे पळवा आणि त्याच बाजूने परत शून्यावर आणा. 1.8 अंशांचा स्टेपर घसरला की सहसा चार पूर्ण स्टेपच्या पटीत घसरतो. 8 मिमी लीडवर ते 0.16 मिमी होतात. काटा 0.16 किंवा 0.32 दाखवत असेल तर टॉर्क कमी पडतोय. फरक फक्त दिशा बदलल्यावरच दिसत असेल तर तो नटमधला बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा. सर्वोचा एन्कोडर मोटरवर बसलेला असतो, त्याला हा बॅकलॅश दिसतच नाही. तिथे पैसे नटवर घाला.